रेघांचा शर्ट, त्यावर टाय आणि खिशातला रुमाल: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

रात्रीच्या औपचारिक जेवणांसाठी गेले आठ-नऊ महिने मी मोजकेच कपडे वापरतोय: एक गडद निळा साधा सूट, एक पांढरा शर्ट, एक निळ्या रेघांचा शर्ट, चार टाय आणि तीन पॉकेट स्क्वेअर. पांढऱ्या शर्टावर फार काही लिहिण्यासारखं नाही, कारण त्यावर बहुतेक सगळं खपून जातं. खरी कसोटी लागते ती रेघांच्या शर्टावर. नक्षीवर नक्षी चढली की कुठे जुळतं आणि कुठे डोळ्यांना खुपतं हे तिथेच कळतं, म्हणून हा अनुभव मुख्यतः त्या शर्टाचा आहे.

शर्ट सुती पॉपलिनचा आहे. तीन मिलिमीटर निळी रेघ, मग तीन मिलिमीटर पांढरी, अशी उभी वीण. अंगावर उत्तम बसतो, धुऊन कॉलर अजून ताठ आहे, रंग उतरलेला नाही. सोबतच्या टायमधले दोन तिरक्या पट्ट्यांचे आहेत: एकात मरून आणि निळे पट्टे प्रत्येकी पाच मिलिमीटरचे, दुसऱ्यात गडद निळ्यावर जवळजवळ अडीच सेंटीमीटर रुंदीचे मरून पट्टे. दोघांचे रंग इतके जवळचे की नुसतं नाव सांगितलं तर कुणालाही एकच टाय वाटेल. पण शर्टावर दोघांचं वागणं अगदी वेगळं आहे.

पाच मिलिमीटरवाला टाय या शर्टावर बांधला की छातीचा मधला भाग थरथरल्यासारखा दिसतो. शर्टाची रेघ तीनची, टायची पाचची. डोळ्याला दोन्ही एकाच मापाच्या वाटतात. मग पुढे काय आणि मागे काय हेच नजरेला ठरवता येत नाही, आणि समोरचा माणूस बोलताना चेहऱ्याऐवजी गाठीकडे बघत राहतो. अडीच सेंटीमीटरवाला टाय मात्र त्याच शर्टावर शांत बसतो. तिथे फरक आठपट आहे, त्यामुळे शर्टाच्या रेघा पार्श्वभूमीला जातात आणि टायचे पट्टे वेगळी, मोठी गोष्ट म्हणून उठून दिसतात. माझा अंदाज असा की मापात निदान तीन-चारपट अंतर असलं तर रेघांवर रेघा चालतात. दुपटीच्या आत असलं तर रंग कितीही जुळवा, उपयोग होत नाही. रंग जुळले की नक्षी आपोआप जुळते असं बरेच जण धरून चालतात. माझ्या वापरात आधी मापाकडे बघावं लागलं, रंगाकडे नंतर.

दिशेचाही थोडा हातभार लागतो. शर्टाची रेघ उभी आणि टायची तिरकी, म्हणून दोन्ही एकमेकांना समांतर धावत नाहीत. पण माप सारखं असेल तर नुसती तिरकी दिशा वाचवत नाही, हे पाच मिलिमीटरवाल्या टायने नीट दाखवून दिलं. तोच टाय पांढऱ्या शर्टावर छान दिसतो, त्यामुळे टाय वाईट आहे असं मी म्हणणार नाही; जोडी चुकीची आहे.

आता अंतराची बाब, जी खरेदी करताना कुणी सांगत नाही. सामान्य दृष्टीच्या डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाएवढा तपशील वेगळा दिसतो. म्हणजे एक मीटरवरून अंदाजे ०.३ मिलिमीटर, दोन मीटरवरून ०.६ मिलिमीटर. तीन मिलिमीटरची रेघ त्यामुळे टेबलापलीकडूनही स्पष्ट दिसते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाकडूनही ओळखू येते. याउलट अर्ध्या मिलिमीटरच्या केसासारख्या रेघांचा शर्ट दोन मीटरवर फिकट निळा सपाट रंग होऊन जातो, आणि त्यावर जवळपास कोणताही नक्षीदार टाय चालतो. अडचण इतकीच की शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला तुमच्या रेघा दिसतात आणि समोरच्याला दिसत नाहीत. जेवणाच्या टेबलावर ही दोन्ही अंतरं एकाच वेळी असतात, म्हणून जोडी दोन्ही अंतरांवरून तपासावी.

यासाठी आरसा फार कामाचा आहे. आरशापासून एक मीटरवर उभे राहिलात तर प्रतिबिंब तुम्हाला दोन मीटर दूर दिसतं, म्हणजे समोर बसलेल्या माणसाला दिसाल साधारण तसंच. तिथे डोळे किंचित मिटून बघायचं. टाय एक सलग आकार म्हणून दिसला तर ठीक. टाय आणि शर्ट मिळून नुसती राखाडी गिचमीड दिसली तर टाय बदलायचा. मी फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करूनही बघतो. रंग गेले की उरतो तो फक्त उजळ-गडद फरक, आणि टाय शर्टापेक्षा स्पष्टपणे गडद नसेल तर ते तिथे लगेच उघडं पडतं. फोटोचा आणखी एक फायदा: बारीक रेघांच्या शर्टावर कॅमेऱ्यात कधीकधी लाटांसारखी इंद्रधनुषी नक्षी उमटते. जेवणात फोटो निघणार असतील तर ही गोष्ट आधी कळलेली बरी.

तिसरा टाय गडद निळ्या ग्रेनाडीनचा. ही रेशमाची जाळीदार वीण असते. तिच्यात रंगाची नक्षी नसते, पण पोत असतो, त्यामुळे जवळून पाहिलं तर खोली दिसते आणि लांबून नुसता गडद निळा रंग. रेघांच्या शर्टावर एकच टाय ठेवायचा झाला तर मी हाच ठेवेन, कारण तो कशाशीच भांडत नाही आणि तरी सपाट दिसत नाही. गाठ थोडी जाड होते, म्हणून साधी एकेरी गाठच बांधावी. दुहेरी वळशाची गाठ अरुंद कॉलरमध्ये कोंबल्यासारखी वाटते. तक्रार एक आहे. या विणीचे धागे सहज अडकतात. घड्याळाच्या पट्ट्याच्या कडीने माझ्या टायचा एक धागा ओढला गेला आणि बारीक फासा बाहेर आला. असा फासा कापायचा नाही, सुईने मागच्या बाजूला ओढून घ्यायचा. कापला तर तिथून वीण उसवत जाते.

चौथा टाय मरून, त्यावर दोन मिलिमीटरचे पांढरे ठिपके, आणि त्याच कापडाचा पॉकेट स्क्वेअर सोबत, असा संच एका विक्रेत्याकडून घेतला. टाय चांगला आहे. ठिपके लहान असले तरी एकमेकांपासून सव्वा सेंटीमीटर लांब आहेत, त्यामुळे मधली मरून जमीन मोकळी दिसते आणि शर्टाच्या रेघांवर ती तग धरते. ठिपक्यांचा आकार बघून नक्षी बारीक की मोठी ठरवू नका. दोन ठिपक्यांमधलं अंतर बघा. हेच ठिपके चार मिलिमीटरवर असते तर पाच मिलिमीटरच्या पट्ट्यांइतकाच गोंधळ झाला असता. संचातला रुमाल मात्र मी वापरणं सोडलं. टायचं कापड जाड असतं आणि रुमालाला लागणारी मऊ घडी त्याला पडत नाही, त्यामुळे खिशात ते पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. शिवाय टाय आणि रुमाल तंतोतंत एक असले की दोन्ही एकाच डब्यातून बाहेर काढल्यासारखे दिसतात आणि नजर दोघांमध्ये ये-जा करत राहते.

रुमालाच्या बाबतीत मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट अशी की उलगडलेली नक्षी आणि खिशातून दिसणारी नक्षी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. माझ्याकडचा रेशमी रुमाल मोठ्या कोयऱ्यांचा आहे, एकेक कोयरी जवळपास दहा सेंटीमीटरची. टेबलावर पसरला की भडक वाटतो. पण मधोमध उचलून, खाली दुमडून, फुगवून खिशात ठेवला की तीन-चार सेंटीमीटर उंचीचा तुकडाच बाहेर दिसतो आणि त्यात कोयरी अशी उरतच नाही; उरतात मरून, निळ्या आणि विटकरी रंगाच्या वळ्या. नक्षी म्हणून तो कुणाशीच टक्कर घेत नाही, रंग म्हणून मात्र टायला साथ देतो. बारीक बुट्ट्यांच्या रुमालाचं याउलट होतं: कसाही घडी करा, बुट्टी तशीच दिसते, आणि मग ती टायच्या ठिपक्यांशी भिडते. म्हणून खरेदीच्या वेळी रुमाल उलगडून बघण्यापेक्षा मुठीत धरून वर किती आणि काय दिसतं ते बघावं. आकारही बघा. तेहतीस सेंटीमीटरचा पातळ रेशमी रुमाल जेवताना हळूहळू खिशात खाली घसरतो. चाळीसच्या आसपासचा जागेवर राहतो.

तिसरा रुमाल पांढऱ्या लिननचा, सरळ घडी करून सेंटीमीटरभर कड बाहेर. औपचारिक जेवणाला हाच सगळ्यात जास्त वापरला. फक्त पांढरा आणि पांढरा यांत फरक असतो. शर्टाच्या पांढऱ्यात बहुतेक वेळा चमक वाढवणारं रसायन असतं आणि ते दिवसाच्या उजेडातल्या अतिनील किरणांनी उजळतं, म्हणून दिवसा पांढऱ्या शर्टाशेजारी मलईदार रंगाचा रुमाल मळल्यासारखा दिसतो. रात्री पिवळसर दिव्यात तोच फरक बराच पुसला जातो. गडद निळं त्याच दिव्यात काळ्याकडे झुकतं आणि मरून तपकिरी होतं, तेव्हा रात्रीसाठी टाय निवडायचा तर रात्रीच्याच दिव्याखाली निवडावा.

निमंत्रणावर काळ्या बो टायचा पोशाख सांगितला असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे पांढरा शर्ट आणि पांढरा रुमाल, विषय संपला. पट्ट्यांच्या टायबद्दल एक वेगळी सूचना: ब्रिटनमध्ये काही ठरावीक रंगांचे पट्टे पलटणींचे, शाळांचे किंवा क्लबांचे असतात, तेव्हा तिथल्या जेवणाला पट्ट्यांचा टाय घालायचा तर तो कुणाचा नाही ना हे आधी बघून घ्यावं.

टिकाऊपणात लिननचा रुमाल पुढे आहे. ओलसर असतानाच इस्त्री केली तर घडी रात्रभर टिकते. रेशमी रुमालाची कड हाताने गोल वळून टाचलेली आहे. तिच्यावरून इस्त्री फिरवली की ती चपटी होते आणि पुन्हा फुगत नाही, म्हणून मी इस्त्री कडेच्या आत बोटभर थांबवतो. टायना इस्त्री लावतच नाही. गाठ सोडून सैल गुंडाळून ठेवले की दोन दिवसांत सुरकुत्या आपोआप जातात. फक्त ग्रेनाडीन टांगत नाही, कारण ती वीण स्वतःच्या वजनाने ओघळते.