दहा लाखांखालच्या मूळ संख्या: साधं सूत्र की ‘वजा एक’वालं?

x पर्यंत मूळ संख्या किती, याच्या अंदाजासाठी हाताशी दोन सूत्रं आहेत, `x / ln x` आणि `x / (ln x − 1)`. मी दोन्ही वापरली आहेत. पहिलं डोक्यात सहज राहतं. दहाचा नैसर्गिक लॉग २.३०२६, त्याची सहापट १३.८१५५ आणि दहा लाखाला तिने भागलं की ७२,३८२. खऱ्या मूळ संख्या आहेत ७८,४९८. म्हणजे ६,११६ कमी, जवळपास आठ टक्के.

एरवी आठ टक्क्यांचं मला काही वाटलं नसतं. पण चाळणीचा प्रोग्रॅम लिहिताना सापडलेल्या मूळ संख्या ठेवायला मी ७२,४०० जागांचा ॲरे घेतला होता. नऊ लाख पंधरा हजारांच्या आसपास तो भरला आणि प्रोग्रॅम कोसळला. चूक चाळणीत असेल म्हणून मी तिथेच शोधत बसलो.

चूक सूत्राच्या गृहीतकात होती. दहा लाखांच्या टोकाशी साधारण १३.८ संख्यांमागे एक मूळ संख्या सापडते, आणि हे सूत्र तीच विरळता अगदी एकपासून धरून चालतं. त्या हिशेबाने प्रत्येक लाखात ७,२३८ यायला हव्यात, पण पहिल्याच लाखात ९,५९२ आहेत. सुरुवातीची ही दाटी सूत्र मोजतच नाही, म्हणून १७ पासून पुढे त्याचं उत्तर नेहमी कमीच येतं. एक लाखाला तूट साडेनऊ टक्के, दहा लाखाला पावणेआठ. x वाढवत नेला तरी ती फार सावकाश घटते.

भाजकातून एक वजा केला की ही दाटी बरीचशी भरून निघते. दहा लाख भागिले १२.८१५५ म्हणजे ७८,०३०. तूट ४६८, अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त. गणिती लजांद्रने एकाऐवजी १.०८३६६ सुचवला होता. त्याने ७८,५४३ येतात, फक्त ४५ जास्त. दहा लाखांपुरता तो सरस आहे, हे मान्य. पण x खूप मोठा झाला की योग्य आकडा १ हाच ठरतो, हे पुढे सिद्ध झालं. शिवाय १.०८३६६ मला ऐनवेळी आठवत नाही.

कॅल्क्युलेटरवर `ln` ऐवजी `log` दाबलं, तर साध्या सूत्राने १,६६,६६७ येतात, म्हणजे सहात एक. हजाराच्या आत १६८ मूळ संख्या, म्हणजे तिथेच प्रमाण सहात एक आहे आणि पुढे त्या विरळ होत जातात. तेव्हा दहा लाखाला सहात एक दिसलं की बटण चुकलं समजावं.

‘निदान इतक्या तरी असतीलच’ एवढंच सांगायचं असेल, तर साधं सूत्र पुरेसं आहे, असं मला वाटतं. जागा राखायची असेल तर मी तरी ‘वजा एक’ घेतो आणि वर एक टक्का ठेवतो. ७८,०३० चे ७८,८११ होतात, आणि दहा लाखांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या त्यात मावतात.