व्हॉट्सॲपवरचे फोटो की मूळ फाइली?

नमस्कार भाऊ,

आईबाबांच्या लग्नाच्या पन्नाशीचे तुम्ही काढलेले फोटो व्हॉट्सॲपवर मिळाले. मोबाइलवर झकास दिसतात. पण सीताबर्डीच्या लॅबमध्ये १२ बाय १८ इंची प्रिंट काढायला गेलो, तर लॅबवाल्याने सरळ नाही म्हटलं.

आलेला फोटो आहे १६०० बाय १०६७ पिक्सेलचा. १८ इंचांवर पसरला की इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल उरतात. लॅबच्या स्क्रीनवर मोठा करून पाहिला, तर पैठणीची जर पुसट आणि केसांच्या कडेला चौकोनी ठिपके. तुमच्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची फाइल ६००० बाय ४००० ची, म्हणजे इंचाला ३३३. लॅबला ३०० पुरतात. लहान फोटो सॉफ्टवेअरने ताणला तर आकडा वाढेल, पण गेलेली जर काही परत येणार नाही.

४ बाय ६ च्या प्रिंटला मात्र तुमच्या या कॉपी बऱ्यापैकी चालतील, तिथे तक्रार नाही.

रॉ फाइली मी मागत नाही, त्या तुमच्याकडेच राहू द्या. रंग दुरुस्त केलेल्या, पूर्ण आकाराच्या जेपीईजी तेवढ्या द्या. पेनड्राइव्ह रविवारी दुकानात आणून देतो. व्हॉट्सॲपनेच पाठवायच्या असतील, तर फोटो म्हणून नका टाकू, ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा.