बाळाचे कपडे आणि खेळणी: व्हिडिओतल्या दुकानातून घ्यावीत की गावातल्या?

घरात बाळ येणार म्हटलं की मोबाईलवर बाळाच्या कपड्यांच्या दुकानांचे व्हिडिओ दिसायला लागतात. दुकानातली ताई टेबलावर झबली, टोपडी, दुपटी मांडते, कापड मुठीत चुरगाळून दाखवते आणि तीन गोष्टी ठासून सांगते: कापड बाळाच्या त्वचेला सुरक्षित आहे, बारशाला द्यायला गिफ्ट सेट तयार आहेत, आणि साइज बसली नाही तर सहज बदलून मिळेल. दुसरीकडे आपल्या पेठेतलं नेहमीचं दुकान असतं. तिथे एवढं कोणी बोलून दाखवत नाही, पण माल हातात घेऊन बघता येतो. व्हिडिओतले हेच तीन दावे घेऊन मी दोन्ही दुकानं शेजारी शेजारी ठेवते.

सगळ्यात जास्त गफलत कापडात होते. व्हिडिओत दिसतो तो मऊपणा, आणि मऊपणा म्हणजे सुरक्षितपणा नव्हे. नव्या कापडाला कारखान्यात सॉफ्टनर लावलेला असतो, त्यामुळे पॉलिस्टर मिसळलेलं कापडही पहिल्या दिवशी लोण्यासारखं लागतं. ही अडचण पेठेतल्या दुकानातही असते, म्हणून नुसता हात फिरवून खात्री पटवून घेऊ नका. दुकानात करता येण्याजोग्या गोष्टी वेगळ्या आहेत. झबलं उलटं करा. शिवणी कुठे टोचतात, गळ्यामागचं लेबल शिवलेलं आहे की छापलेलं, भरतकामाच्या मागे खरखरीत अस्तर उघडं आहे का, हे आतूनच कळतं. हातमोजे आणि पायमोजे तर बोटांनी पूर्ण उलटे करून बघाच. आत सुटलेला दोरा असेल तर तो बाळाच्या बोटाला गुंडाळून रक्तपुरवठा तोडू शकतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. असं उलटं केलेलं मोजं दाखवणारा व्हिडिओ माझ्या पाहण्यात नाही. ज्या दुकानाने दाखवला त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवेन.

दुसरी गोष्ट वासाची. जुन्या स्टॉकला, किंवा घरी ट्रंकेत जपून ठेवलेल्या दुपट्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत असेल तर ते नवजात बाळाला वापरू नका. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते. अशा बाळांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने फुटतात आणि कावीळ वाढते. बऱ्याच घरांत बाळाला ही कमतरता आहे की नाही ते ठाऊकच नसतं, म्हणून कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरावेत. इथे पेठेतलं दुकान सरळ जिंकतं, कारण व्हिडिओतून वास येत नाही.

कापड सुती आहे की नाही हे ताडायला धागा जाळून बघण्याची जुनी युक्ती चांगली आहे, पण बरेच जण धागा चुकीचा काढतात. शिवणीचा दोरा जाळू नका. सुती कपडाही अनेकदा पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवलेला असतो. शिवणीच्या आतल्या कडेला जे कापड उरतं, त्यातला विणीचा धागा ओढून काढा. सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा येतो आणि बोटात चुरली जाणारी राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. राखही आणि कडक खडाही असेल तर मिश्रण आहे असं समजा. हे घरी, बाळापासून लांब, चिमट्यात धरून करायचं काम आहे. बांबूचं कापडही सुतासारखंच जळतं, त्यामुळे या युक्तीने ते वेगळं ओळखता येत नाही. बांबू म्हणून विकतात ते बहुतेक व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा धागा काढतात. अंगाला ते छान लागतं, पण ओलं झालं की कमजोर होतं, म्हणून रोज धुवायच्या लंगोटांसाठी मी सुतीच घेईन.

रोजच्या झबल्यांना इंटरलॉक हे सुती होजिअरीचं कापड चांगलं. ते दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि कापलेली कड गुंडाळत नाही. कड गुंडाळली तर ती सिंगल जर्सी. ती पातळ असते, म्हणून विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तीच बरी. फ्लीस मात्र बहुतेक पॉलिस्टरचं असतं. ते घाम टिपत नाही आणि गिफ्ट सेटमध्ये सर्रास असतं.

व्हिडिओतलं दुकान जिथे पुढे जाऊ शकतं ती जागा म्हणजे प्रमाणपत्र. ‘ऑरगॅनिक’ हा शब्द कुणीही लिहू शकतं. लेबलवर गॉट्स या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाची खूण असेल तर सोबत परवाना क्रमांक असायला हवा आणि तो त्यांच्या वेबसाइटवर शोधता येतो. त्यातही ‘ऑरगॅनिक’ म्हणजे किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा, आणि ‘मेड विथ ऑरगॅनिक’ म्हणजे किमान ७० टक्के. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे प्रमाणपत्र वेगळं. ते कापूस सेंद्रिय आहे असं म्हणत नाही, तर तयार कापडात घातक द्रव्यांची मर्यादा पाळली आहे असं सांगतं. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यात सगळ्यात कडक, पहिला वर्ग आहे. दुकानाला मेसेज करून लेबलचा जवळून फोटो मागा, क्रमांक तपासा. पेठेतल्या दुकानातल्या चांगल्या मालावरही अशी लेबलं क्वचितच असतात. म्हणून बाळाला त्वचेचा त्रास असेल, तर प्रमाणपत्र असलेला ऑनलाइन माल घेणं मला पटतं.

खेळण्यांत निर्णय सोपा आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो, बिनविजेच्या खेळण्यांना आयएस ९८७३, आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव येतं. ते खोक्यावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे चन्नपट्टणच्या लाकडी खुळखुळ्यावर खूण नसली म्हणून तो बनावट ठरत नाही. मात्र आकार बघाच. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कोणताही तुकडा सुमारे ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच व्यासाच्या नळीत पूर्ण बसत असेल, तर तो घशात अडकू शकतो. घुंगरू लावलेले वाळे देताना हा नियम लोक विसरतात.

आता गिफ्ट आणि अदलाबदल. हे दोन दावे व्हिडिओत वेगवेगळे येतात, पण प्रत्यक्षात एकमेकांत अडकलेले आहेत. एक उदाहरण घेऊ. समजा तुमच्या मैत्रिणीला पुण्यात जूनमध्ये मुलगी झाली आणि तुमचं बजेट दीड हजाराचं आहे. व्हिडिओत तेवढ्याच किमतीचा सेट आहे: दोन झबली, टोपडं, हातमोजे, बिब, फ्लीसचं ब्लँकेट, छोटी उशी आणि कापडी ससा. सगळे कपडे ० ते ३ महिन्यांचे. दिसायला भरगच्च. पण बारशाला याच मापाचे कपडे ढिगाने येतात, आणि जन्मतः पन्नास सेंटिमीटरच्या आसपास असलेलं बाळ तीन महिन्यांत साठच्या घरात जातं. उशी, सैल ब्लँकेट आणि मऊ खेळणी तर बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात झोपेच्या जागी नकोच म्हणतात. म्हणजे सेटमधल्या तीन वस्तू कपाटातच राहणार.

त्याच पैशांत पेठेतल्या दुकानात तुम्ही मुलगी सहा महिन्यांची होईल तेव्हाचा विचार करून घेऊ शकता. तेव्हा डिसेंबर असेल, म्हणून पूर्ण बाह्यांचे इंटरलॉकचे जोड, ६ ते ९ महिन्यांचे. माप महिन्यांत न बघता सेंटिमीटरमध्ये विचारा, कारण प्रत्येक कंपनीचे ‘सहा महिने’ वेगळे. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात थोडी आटते, तेवढी जागा ठेवा.

पण हे कपडे डिसेंबरात अंगावर चढतील, तेव्हा बदलायची मुदत कधीच संपलेली असेल. मुदत बिलाच्या तारखेपासून मोजतात, आणि बिल देणाऱ्याकडे असतं. इथे पेठेतला दुकानदार कामाला येतो. ‘काका, बाळ लहान आहे, डिसेंबरात माप बदलून द्याल का?’ असं विचारा, आणि हो म्हणाले तर बिलावर तसं लिहून सही घ्या. किंमत नसलेली वेगळी चिठ्ठी मैत्रिणीच्या पिशवीत ठेवा. ऑनलाइन दुकानांत हे सहसा जमत नाही. त्यांच्या अटी आधी वाचा. कित्येक ठिकाणी पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ मागतात, आणि थेट मैत्रिणीच्या घरी पाठवलेलं गिफ्ट ती व्हिडिओ न काढताच उघडणार. टोपडी, लंगोट, मोजे बहुतेक ठिकाणी बदलतच नाहीत. धुतलेला कपडाही घेत नाहीत, आणि बाळाला तर धुतल्याशिवाय घालायचा नसतो. म्हणून स्वतःच्या बाळासाठी घेतलेला कपडा धुण्याआधी त्याला नीट बसणाऱ्या झबल्यावर पसरून माप जुळवा, मगच पाण्यात टाका.

कायदा कुठपर्यंत साथ देतो तेही माहीत असू द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. त्यामुळे उसवलेल्या शिवणीला किंवा रंग सुटणाऱ्या झबल्याला ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी लागू होत नाही. साइज चुकली किंवा रंग आवडला नाही, तर मात्र दुकानाने जे कबूल केलं असेल तेवढंच. ऑनलाइन विक्रेत्याने परतीच्या अटी आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करणं बंधनकारक आहे. ते दोन्ही सापडलं नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक आणि आगाऊ पैसे, तर तिथून घेऊ नका. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

पहिल्या महिन्याची झबली, लंगोट, मोजे मी पेठेतूनच घेईन, आणि तेही मोजकेच. झबली पुढून उघडणारी, बंदांची घेईन, म्हणजे बाळाची मान सावरत डोक्यावरून कपडा ओढावा लागत नाही. बंद आखूड असावेत आणि गळ्याशी लांब नाडी नसावी. परगावच्या नातेवाइकाला पाठवायचं असेल तर ऑनलाइन, पण सेट न घेता सुटे कपडे, पुढच्या ऋतूच्या मापाचे. ऑर्डरच्या आधी दुकानाला एवढाच मेसेज पाठवा: ‘आतल्या बाजूचा आणि लेबलचा फोटो पाठवा. गिफ्ट दुसऱ्या पत्त्यावर जाणार आहे. उघडतानाचा व्हिडिओ नसेल तरी बदलून द्याल का आणि किती दिवसांत?’ लेखी उत्तर आलं तर त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. ‘काळजी करू नका ताई’ एवढंच आलं तर दुसरं दुकान बघा.