फेरीबोटीची प्रतीक्षा: घातांकी की एकसमान प्रतिमान?

पणजी–बेती फेरीबोटीच्या प्रतीक्षेच्या 100 नोंदी घेतलेल्या एका विद्यार्थिनीला घातांकी आणि एकसमान यांतले एक प्रतिमान निवडायचे होते.

दोन्हींचा मॅक्सिमम लाइकलीहुड अंदाजक सुसंगत आहे. घातांकीत तो सरासरी असून बृहत् संख्यांच्या नियमाने खऱ्या मूल्याकडे जातो. 0 ते θ एकसमानात तो सर्वांत मोठी नोंद M असतो. नोंदींची संख्या n असेल, तर M हा θ−ε च्या खाली राहण्याची संभाव्यता (1−ε/θ)ⁿ असते आणि n वाढला की ती शून्याकडे जाते.

फरक पडतो तो अनंतस्पर्शी प्रसामान्यतेत, म्हणजे n वाढताना अंदाजकाचे वितरण प्रसामान्य वितरणाकडे जाण्यात. घातांकीत लॉग-लाइकलीहुडचा टेलर विस्तार चालतो, म्हणून सरासरी 10 मिनिटे आल्यास प्रमाण त्रुटी 10/√100, म्हणजे 1 मिनिट, आणि 95% अंतराल 10 ± 1.96 × 1, म्हणजे सुमारे 8 ते 12 मिनिटे मिळते. एकसमानात मात्र वितरणाची कडाच θ बरोबर सरकते, त्यामुळे तो विस्तार मोडतो; M कधीच θ ओलांडत नाही, n(θ−M) घातांकी वितरणाकडे जाते, आणि म्हणून ±1.96 चे सूत्र तिथे लावणे सरळ चूक ठरते. M = 20 असल्यास योग्य अंतराल M ते M/0.05^(1/n), म्हणजे 20 ते 20.6 मिनिटे.

बोटी ठरावीक अंतराने सुटत असतील आणि प्रवासी केव्हाही पोहोचत असतील, तर एकसमान घ्यावे. बोटी अनियमितपणे, मागचे काही न स्मरता येत असतील, तर घातांकी.