जाळीआडचा बिबट्या: ‘हील सिलेक्शन’ आठ महिने वापरल्यानंतर

प्राणिसंग्रहालयात काढलेल्या फोटोंवरची जाळी काढायला मी आठ महिने एकच जोडी वापरते आहे: गिम्प २.१० हे फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर आणि त्यात वेगळा बसवावा लागणारा रीसिंथेसायझर हा प्लगइन. दोन्ही फुकट आहेत. प्लगइन बसवला की Filters > Enhance मध्ये Heal Selection दिसू लागतं. तुम्ही निवडलेली जागा ते आजूबाजूच्या चित्रातले तुकडे आणून भरतं. साठेक फोटो झाल्यावर माझं मत असं झालंय की साधन उत्तम आहे, पण कुठली जाळी त्याच्या हाती द्यायची आणि कुठली नाही, हे कळेपर्यंत ते निम्मे फोटो बिघडवतं.

सगळ्या जाळ्या सारख्या नसतात, हे मला उशिरा उमगलं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या सफारीच्या बसला खिडकीवर जाळी असते. २०० मिमी लेन्स एफ ५.६ वर असेल तर प्रकाश आत घेणारं तोंड साधारण ३६ मिमी रुंद असतं. लेन्स जाळीला टेकवली की ३ मिमीची तार त्यातला जेमतेम दहा टक्के प्रकाश अडवते. फोटोत तार दिसतच नाही, फार तर एक फिकट पडदा येतो. तीच लेन्स एफ १६ वर नेली की तोंड साडेबारा मिमीचं होतं, तार तीसेक टक्के प्रकाश खाते आणि करडे पट्टे उमटतात. अशा पट्ट्यांखाली वाघाचे केस शाबूत असतात. ते भरायचे नाहीत, फक्त उजळायचे: Curves लावायचं आणि मऊ कडांच्या लेयर मास्कने ते पट्ट्यापुरतं ठेवायचं. सुरुवातीला मी असे पट्टेही हील सिलेक्शनला दिले आणि खरे केस पुसून त्या जागी उसने बसवले. आजही ते फोटो पाहिले की हळहळ वाटते.

प्राणी जाळीला चिकटून बसला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे तार त्याच्याइतकीच स्पष्ट येते आणि तिच्यामागे काहीच उरलेलं नसतं. भरण्याचं काम खरं इथलं.

एका बिबट्याच्या फोटोचं उदाहरण सांगते. चौकोनी वेल्डेड जाळी, ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो, तार १२ पिक्सेल जाड आणि दोन तारांमध्ये सुमारे २०० पिक्सेल अंतर. पहिल्या दिवशी मी सगळी जाळी एकदम निवडली आणि बटण दाबलं. बिबट्याच्या पाठीवर गवत उगवलं आणि गवतावर ठिपके आले. कारण साधं आहे: जाळी पूर्ण फोटोभर पसरलेली असल्यामुळे नमुनेही पूर्ण फोटोतून घेतले गेले. मग एकेक तार घेतली, तर दुसरीच अडचण आली. नमुने किती दूरवरून घ्यायचे तो आकडा, म्हणजे Context sampling width, मी हावरेपणाने २५० केला होता. शेजारची तार त्या पट्ट्यात सापडली आणि जुन्या तारेच्या जागी तिचेच तुकडे येऊन बसले. आता हा आकडा मी दोन तारांमधल्या अंतराच्या निम्म्याहून बराच कमी ठेवते. या फोटोला ६० पुरले.

तार हाताने रंगवून निवडू नका. Paths ने तिच्या मधून रेघ ओढा, रिकाम्या लेयरवर Stroke Path करा, त्या लेयरवरून निवड करून घ्या आणि Select > Grow ने ती वाढवा. किती वाढवायची हे दोनशे टक्के मोठं करून बघायचं. तारेची करडी कड जिथे पूर्ण संपते, तिथपर्यंत निवड जायला हवी. बिबट्यावर १२ पिक्सेलच्या तारेला मला २० पिक्सेलचा पट्टा लागला. कड बाहेर राहिली तर तार जाते, पण तिचं भूत म्हणजे दोन फिकट रेघा राहतात. फोटो आधीच शार्प केलेला असेल तर तारेभोवती पांढरी किनार येते आणि पट्टा अजून रुंद होतो. म्हणून जाळी आधी, शार्पनिंग सगळ्यात शेवटी.

पुढचा क्रम मला सरावाने सापडला. उभ्या तारेला Sample from मध्ये Sides, आडव्या तारेला Above and below. आधी मागचं गवत, मग अंग. तार जिथे अंगाची बाह्यरेषा ओलांडते तिथे निवड तोडायची आणि तो तुकडा शेवटी क्लोन टूलने हाताने करायचा. तारांच्या गाठी, म्हणजे उभ्या-आडव्या तारा जिथे जोडलेल्या असतात त्या जागा, दोन्ही तारा गेल्यावर घ्यायच्या. एवढ्याला अडीच तास लागले.

झाल्यावर वाटलं जमलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर जाळी गेली होती, पण तिची सावली बिबट्याच्या कुशीवर तशीच चौकोन आखून बसली होती. नसलेल्या जाळीची सावली! सावलीखाली केस शाबूत असतात, म्हणून तिथे पुन्हा तोच Curves आणि मास्क. आता मी फोटो काढतानाच बघते की ऊन जाळीतून अंगावर पडतंय का. पडत असेल तर ढग येईपर्यंत थांबते.

चेहऱ्यावर मात्र हे साधन वापरणं मी पूर्ण बंद केलं आहे. डोळ्यावरून तार गेली असेल तर हील सिलेक्शन बुबुळाच्या जागी कपाळाचे केस आणू शकतं, आणि मिशा अर्ध्यात तुटतात. त्याला उपाय कॅमेऱ्यातच आहे. प्राणी स्वस्थ बसला असेल तर मी एक फोटो काढते, एखादा इंच बाजूला सरकते आणि दुसरा काढते. तार जवळ आणि प्राणी तिच्यामागे असल्यामुळे तार प्राण्याच्या मानाने सरकते. पहिल्यात झाकलेला डोळा दुसऱ्यात उघडा मिळतो. दोन्ही फोटो लेयर म्हणून एकावर एक ठेवायचे, वरच्याचा मोड Difference करून डोळा काळा होईपर्यंत हलवायचा, मग मोड परत Normal करून मास्कमधून तेवढाच डोळा आणायचा. हा डोळा खरा असतो. अगदी जाळीला नाक लावून बसलेल्या प्राण्याला मात्र हे लागू पडत नाही. तार आणि तो एकाच अंतरावर असले तर दोन्ही सारखेच सरकतात.

एक तक्रार आहे. मार्च २०२५ मध्ये गिम्प ३.० आलं आणि २.१० साठीचे प्लगइन त्यात जसेच्या तसे चालत नाहीत. मी या कामापुरतं २.१० ठेवून दिलं आहे. नवीन बसवणाऱ्यांनी आपल्या आवृत्तीचाच प्लगइन आहे ना, हे आधी बघावं.

काम पुरं झालं का, हे ओळखायला मी फोटो आडवा उलटवते आणि लहान करून बघते. डोळ्याला सवय झालेली चूक तेव्हा उठून दिसते: एकच ठिपका शेजारी दोनदा आलेला, केसांची दिशा मध्येच वळलेली. बिबट्याच्या बाबतीत ठिपक्यांना मी जास्त जपते, कारण जंगलात कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून एकेक बिबट्या वेगळा ओळखतात तो याच ठिपक्यांच्या रचनेवरून. माझ्या फोटोत तारेखालचे ठिपके बनावट आहेत. म्हणून मूळ फाइल मी कधी पुसत नाही, आणि फोटो कुणाला देताना खाली लिहिते: पिंजऱ्यातला प्राणी, जाळी काढलेली आहे, ओळख पटवायला वापरू नये.