विंशोत्तरी की चर दशा? आधी जन्मवेळ बघा

भाची सव्वीस वर्षांची आहे. कुपवाड एमआयडीसीत नोकरी करते आणि ती सोडून एमपीएससीचा क्लास लावायचा म्हणते. "मामा, दशा कुठली चाललीय ते तरी सांगा," म्हणून पत्रिका घेऊन आली. तिचे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. जन्माची नोंद त्यांनी आवक-जावकीच्या वहीतच, पोत्यांच्या हिशोबाखाली करून ठेवलेली: "कन्यारत्न, रात्री बाराचा सुमार."

सगळा घोळ त्या 'सुमार' शब्दाचा.

विंशोत्तरीत दशा ग्रहांच्या असतात आणि सुरुवात चंद्राच्या नक्षत्रापासून होते. हिचा चंद्र कर्केत 10 अंशांवर, म्हणजे पुष्याच्या बरोबर मध्यावर. पुष्य शनीचं नक्षत्र, त्याची 19 वर्षं. निम्मं नक्षत्र सरलेलं, म्हणून जन्मवेळी साडेनऊ वर्षं शिल्लक. पुढे बुधाची 17, ती साडेसव्विसाव्या वर्षी संपतात, मग केतू. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण 24 तास लागतात. म्हणजे शनीच्या बाबतीत जन्मवेळेतला एक तास साडेनऊ महिन्यांना पडतो. वीस मिनिटं इकडेतिकडे झाली तर तारखा तीनेक महिने सरकतात, बाकी क्रम तोच राहतो.

जैमिनींच्या चर दशेत दशा ग्रहाला नसते, राशीला असते, आणि सुरुवात लग्नापासून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून. मी के. एन. राव यांची पद्धत वापरतो. लग्नापासून नववी रास मेष, वृषभ, मिथुन, तूळ, वृश्चिक, धनू यांपैकी असली तर दशा सुलट चालतात, नाहीतर उलट. कुठल्या राशीला किती वर्षं हे त्या राशीपासून तिच्या स्वामीपर्यंत मोजून ठरतं. वर दिलेल्या सहा राशींपासून सुलट मोजायचं, बाकीच्या सहांपासून उलट, आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. स्वामी स्वतःच्याच राशीत असेल तर पूर्ण 12 वर्षं.

आता हिच्या पत्रिकेत रवी-बुध वृश्चिकेत, शुक्र तुळेत, मंगळ मकरेत. बाराला दहा मिनिटं कमी धरली तर कर्क लग्न. नववी मीन, म्हणून क्रम उलटा: कर्क 12 वर्षं, मिथुन 5, वृषभ 5, मेष 9. बारा वाजून दहा मिनिटं धरली तर सिंह लग्न. नववी मेष, क्रम सुलटा: सिंह 9, कन्या 10, तूळ 12. आज एका हिशोबाने मेषेची दशा, दुसऱ्याने तुळेची. गंमत म्हणजे दोन्हीकडची बेरीज 31 च येते, त्यामुळे घाईत बघणाऱ्याला वाटावं की सगळं जुळतंय.

फळ मात्र अगदी वेगळं. दशाराशीला तात्पुरतं लग्न मानून भावफळ बघतात. कर्क लग्नाला मेष दशमात. तिचा स्वामी मंगळ तिच्यापासूनही दहावा आणि उच्चीचा. शिवाय वृश्चिकेतल्या रवी-बुधांची तिच्यावर राशीदृष्टी. कामधंद्याला याहून चांगलं काय हवं! सिंह लग्नाला तूळ तिसरी. धडपड, प्रवास, स्वतःच्या हिमतीवर काहीतरी.

लग्नरास ठरवायला जुन्या घटना लावून बघतात. मीही लावल्या. बाविसाव्या वर्षी नोकरी लागली, तिथे कर्क लग्नाची मेष दशा सुरू होते. बसलं! मग ताई म्हणाली, "अरे, एकोणिसाव्या वर्षी ह्यांचं अडतीवरचं काम सुटलं, तेव्हापासून घर हिच्या शिकवण्यांवर चाललं." तिथे सिंह लग्नाची तूळ दशा लागते. तेही बसलं. घटनेवरून लग्न ठरवायचं आणि मग तीच घटना पुरावा म्हणून दाखवायची, हे मला पटत नाही.

म्हणून हिच्यासाठी मी विंशोत्तरी घेतली. तीन महिन्यांची धूसरता चालते, दिशाच उलटी झालेली चालत नाही. बुध संपतोय, केतू येतोय, मधले काही महिने सांध्याचे. नोकरी सोडायची तर त्यानंतर सोड, एवढंच सांगितलं.

तिच्या धाकट्या भावाचं उलट. वेळ 'पहाटे चार ते साडेचार', पण लग्न राशीच्या मध्यावर, त्यामुळे अर्ध्या तासात रास बदलत नाही. त्याच्या चर दशेची एकही तारीख हलली नाही. अंतर्दशाही सरळ: महादशेचे बारा सारखे भाग, म्हणजे 7 वर्षांच्या दशेत प्रत्येकी 7 महिने. विंशोत्तरीत बुधात बुध जवळजवळ अडीच वर्षं आणि बुधात रवी दहा महिने, अशी असमान वाटणी. त्याच्यासाठी मी डोळे झाकून चर दशा काढतो. सॉफ्टवेअरवर काढायची तर पद्धत कुठली निवडलीय ते आधी बघून घ्या. चर दशेचे प्रकार अनेक आहेत, आणि वृश्चिक-कुंभेला दोन-दोन स्वामी असल्याने तिथली वर्षं वेगळी येऊ शकतात.