वाटपाचा दावा: एखादा वारस सुटला तर काय, आणि जास्तीचा माणूस आला तर काय

वाटपाचा दावा लावायला माणूस ऑफिसात येतो तेव्हा हातात सातबारा असतो आणि तोंडात एकच वाक्य, "भावाविरुद्ध लावायचाय." बहिणी किती विचारलं की थोडा वेळ गप्प, मग "तीन आहेत, पण त्यांचं काही म्हणणं नाही, त्यांना कशाला कोर्टात ओढायचं." इथे खरं तर दोन रस्ते फुटतात. एक, बहिणींना बाहेर ठेवून फक्त भावाविरुद्ध जायचं. दुसरा, जिचा-ज्याचा धागा लागतो त्या सगळ्यांना आत घ्यायचं, मग दोन-चार नावं जास्तीची झाली तरी चालेल. दोन्हीत चूक होऊ शकते, पण दोन चुकांची किंमत अजिबात सारखी नाही.

आधी एक हिशोब बघा, आकडे सोपे घेतलेत. वडिलांनी स्वतः विकत घेतलेली 6 एकर जमीन, म्हणजे 240 गुंठे. मृत्युपत्र नाही. 2003 ला वडील गेले, मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. हिंदू वारसा कायद्याने सहाही जण वर्ग एकचे वारस, प्रत्येकी 40 गुंठे. मग 2009 ला थोरली ताई गेली, मागे नवरा, एक मुलगा, एक मुलगी. 2011 ला आई गेली. सातबाऱ्यावर मात्र पहिल्यापासून दोन भावांचीच नावं, कारण वारसनोंदीच्या वेळी बहिणींनी "आम्हाला काही नको" म्हणून तलाठ्यासमोर जबाब दिला होता. थोरला जमीन कसतो, धाकट्याला हिस्सा पाहिजे. धाकट्याने दावा लावला, वादी स्वतः, प्रतिवादी एकटा थोरला, मागणी निम्म्याची, म्हणजे 120 गुंठे.

आता खरे हिस्से काढू. ताईचे 40 गुंठे तिच्या मागे तिच्या नवऱ्याला आणि दोन मुलांना, प्रत्येकी 13 गुंठे आणि एक तृतीयांश. आईचे 40 गुंठे पाच शाखांत, प्रत्येकी 8. ताई आईच्या आधी गेलेली, म्हणून तिच्या शाखेचे 8 तिच्या दोन मुलांना 4-4, जावयाला आईच्या हिश्श्यातलं काही नाही. म्हणजे धाकट्याचे 48, थोरल्याचे 48, हयात दोन बहिणींचे 48-48, ताईच्या दोन्ही मुलांचे प्रत्येकी 17 गुंठे आणि एक तृतीयांश, आणि जावयाचे 13 आणि एक तृतीयांश. बेरीज मारून बघा, 240 येते. (ताई आईच्या नंतर गेली असती तर तिचे आधी 48 झाले असते आणि जावयाला 16 मिळाले असते. कोण आधी गेलं हे म्हणून मृत्यूदाखल्यावरून बघायचं, आठवणीवरून नाही.) धाकटा मागतोय 120, त्याचे आहेत 48.

बहिणींना वगळलं तर दावा का पडतो ते या हिशोबातच आहे. वाटपाच्या दाव्यात कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनामा करतं, म्हणजे कोणाचा किती हिस्सा ते ठरवतं, आणि मग प्रत्यक्ष मोजणी आणि ताबा. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप कलेक्टरकडे जातं. सातपैकी पाच हिस्सेदार समोरच नसतील तर कोर्ट कशाचे तुकडे पाडणार? समजा पाडले, तरी जो दाव्यात नव्हता त्याला तो हुकूमनामा बांधत नाही, उद्या ताईची मुलगी नवा दावा लावेल आणि सगळं परत पहिल्यापासून. म्हणून कोर्ट दोन गोष्टी बघतं: या माणसाविरुद्ध किंवा याच्या संदर्भात मागण्यासारखं काही आहे का, आणि हा नसताना कामाचा हुकूमनामा होऊ शकतो का. याच्याशिवाय हुकूमनामा होतच नाही असा माणूस आवश्यक पक्षकार. वाटपात सगळे सहहिस्सेदार यात येतात.

कायद्याचं गणित साधं आहे, लोक अर्धंच वाचतात. दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर 1 नियम 9 म्हणतो की पक्षकार जास्त घेतले किंवा कमी घेतले म्हणून दावा पडणार नाही. हे वाचून अशिलाला वाटतं झालं, चिंता नाही. पण 1976 च्या दुरुस्तीने त्याला परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी अट, लागलंय, की हे आवश्यक पक्षकार वगळण्याला लागू नाही. अपिलाबाबतच्या कलम 99 मध्येही तेच परंतुक आहे. म्हणजे माफी जास्तीच्या माणसाला आहे, सुटलेल्या वारसाला नाही.

जास्तीचा माणूस म्हणजे कोण, तेही याच केसमध्ये बघू. समजा सातबाऱ्यावर इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा आहे म्हणून सोसायटीला प्रतिवादी केलं. बांधाशी कुरबुर आहे म्हणून शेजाऱ्यालाही घेतलं. सोसायटीविरुद्ध काही मागितलं नाही, ती नसतानाही हिस्से ठरतात, मग तिचं नाव कमी करा असा अर्ज येईल, कोर्ट नाव कमी करेल, फार तर खर्च बसवेल. दावा पुढे चालू. शेजाऱ्याचं जरा वेगळं, बांधाचं भांडण हा वेगळाच विषय, तो वाटपात मिसळला की कोर्ट तो वेगळा लाव म्हणू शकतं, आणि समन्स बजावणीत तुमचे महिने जातात. त्रास आहे, नाकारत नाही, पण त्याने केस मरत नाही.

शेजारी-शेजारी ठेवलं तर असं दिसतं. बहीण सुटली तर दावा चालण्यालायक नाही, जी साक्ष झाली ती वाया, वर्षं गेली. सोसायटी जास्तीची आली तर एक नाव कमी. शंका असेल तर मी आत घ्यायच्याच बाजूचा, फक्त तो माणूस मिळकतीत हिस्सा किंवा हक्क सांगणारा असला पाहिजे, गावातला साक्षीदार नको. थोरल्याने 2016 ला 20 गुंठे कोणाला विकले असतील आणि तुम्हाला ती विक्री तुमच्या हिश्श्यावर बांधील नाही असं पाहिजे असेल तर तो खरेदीदारही घ्या, त्याला न ऐकता त्याच्या खरेदीविरुद्ध काही मिळणार नाही.

"पण बहिणींनी हक्क सोडलाय ना?" हा प्रश्न येतोच. तलाठ्यासमोरच्या जबाबाने किंवा शंभरच्या स्टँपवरच्या सहीने हक्क जात नाही. शेतजमीन असो की घर, स्थावर मिळकतीतला हिस्सा सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. फेरफार झाला, सातबाऱ्यावरून नाव गेलं, एवढ्याने मालकी जात नाही, ती नोंद महसुलासाठी आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र खरंच असेल तर ती बहीण हिस्सेदार राहत नाही, पण तरी मी तिला औपचारिक प्रतिवादी करतो, कारण उद्या ती म्हणाली की सही फसवून घेतली तर तो वाद याच दाव्यात निकालात निघावा.

आणि "बहिणी माझ्या बाजूच्या, त्या प्रतिवादी कशा?" याचं उत्तर असं की वाटपात प्रतिवादी म्हणजे शत्रू नाही. इथे प्रत्येक हिस्सेदार एकाच वेळी मागणारा आणि देणारा असतो. वकीलपत्रावर सही करायला तयार असेल तर वादी करा, नसेल तर प्रतिवादी करा आणि तिच्याविरुद्ध काही मागू नका. तिच्या नावापुढे तिचा हिस्सा लिहिला की झालं. अमेरिकेत आहे म्हणून सोडू नका, तिकडचा पत्ता द्या, समन्स जायला वेळ लागतो एवढंच.

आता दावा लावून झालाय आणि आत्ता कळलं, मग? इथे कधी कळलं यावर सगळं आहे. थोरल्याची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आली आणि त्यात "मयत ताईचा पती आणि मुलं पक्षकार नाहीत" असं लिहिलंय, तर त्याच आठवड्यात ऑर्डर 1 नियम 10 चा अर्ज द्या आणि दावा दुरुस्त करून घ्या. कोर्टाने वादाचे मुद्दे काढायच्या आधी हे सहज होतं. उलट बाजूनेही एक नियम आहे, की प्रतिवादीने हा आक्षेप लवकर घ्यायचा, मुद्दे काढण्याआधी किंवा काढताना, नाहीतर सोडला असं धरतात. पण आवश्यक पक्षकाराच्या बाबतीत समोरच्याने उशीर केला यावर भरवसा ठेवू नका, कोर्ट स्वतःहूनही विचारतं. नवा प्रतिवादी आला की त्याच्यापुरता दावा त्याला सामील केल्या दिवशी लावला असं मुदत कायदा धरतो, चूक प्रामाणिक होती असं पटलं तर कोर्ट आधीची तारीख देऊ शकतं. थोरला म्हणत असेल की मी बारा वर्षांपेक्षा जास्त काळ उघडपणे इतरांना नाकारून एकट्याने जमीन कसतोय, तर ही तारीख फार महत्त्वाची ठरते, कारण ती बारा वर्षं याच तारखेपर्यंत मोजायची.

आक्षेप आल्यावरही वारसांना आत न घेणाऱ्यांचं काय होतं ते सर्वोच्च न्यायालयाच्या कनकरत्नम्माळ विरुद्ध लोगनाथ मुदलियार या जुन्या निकालात आहे. मुलीने आईच्या मिळकतीवर एकटीने हक्क सांगितला. मिळकत आईचीच होती हे तिने पटवलं, पण मग त्या वेळच्या म्हैसूरच्या कायद्याने तिच्यासोबत तिचे दोन भाऊही वारस ठरले, आणि भाऊ दाव्यात नव्हते. आक्षेप खालच्या कोर्टातच आला होता, तरी तिने भावांना आणलं नाही. मुद्दा जिंकून केस हरली. असा दावा पडला तरी गुणदोषावर निकाल झालेला नसतो, नवा लावता येतो, मधल्या वर्षांत मुदत संपली नसेल तर.

सगळ्याच दाव्यांना हा नियम लागत नाही, हेही सांगून ठेवतो, नाहीतर घाबरून प्रत्येक केसमध्ये वीस नावं टाकाल. कोणी परका अतिक्रमण करून बसलाय, त्याला काढायचंय, तर एक सहहिस्सेदार एकटा सगळ्यांच्या वतीने दावा लावू शकतो. भाडेकरूला काढायचं असेल तरी तसंच, इतर मालकांचा विरोध नसेल तर. तिथे हिस्से मोजायचे नसतात, परक्याला बाहेर काढायचं असतं. हिस्सा मोजायचा आला की मात्र सगळे लागतात.

आणि दावा चालू असताना कोणी गेलं तर 90 दिवसांत त्याचे वारस आणायचा अर्ज द्या. या केसमध्ये मी धाकट्याला आधी एक कागद भरायला सांगितला, वडिलांच्या खाली सगळी नावं, हयात की मयत, मयत असेल तर तारीख, त्याच्या खाली त्याची मुलं आणि जोडीदार. तो कागद घेऊन तो परत आला तेव्हा जावयाचं नाव खोडलेलं होतं. म्हटलं का खोडलं, तर म्हणाला "त्यांनी दुसरं लग्न केलंय." दुसरं लग्न 2013 चं, ताई गेली 2009 ला, हिस्सा त्याच दिवशी त्याला मिळून गेला होता. नाव परत लिहून घेतलं, पत्ता पण.